फोटोवरून खेळण्यातली फिगर बनवायची, पण माणूस ओळखू आला पाहिजे

२०२५ मध्ये आधी एप्रिलला एआय ॲपला फोटो देऊन त्याचं पॅकेटमधल्या ॲक्शन फिगरचं चित्र करून घ्यायचं वारं आलं आणि मग सप्टेंबरला टेबलावर उभ्या असलेल्या छोट्या पुतळ्याचं, तेव्हापासून नाशिकमध्ये आमच्या प्रिंटिंगच्या दुकानात आठवड्याला कोणी ना कोणी मोबाईल पुढे करतंच, "हे मगवर टाकून द्या". आणि दहातल्या सात-आठ फोटोंची गत एकच असते, खेळणं झकास, प्लास्टिकची चमक झकास, बॉक्सपण झकास, फक्त आतला माणूस भलताच. मिशीवाला कोणीतरी, चष्मेवाली कोणीतरी. तर हा लेख त्या एकाच गोष्टीबद्दल आहे, चेहरा टिकवायचा कसा. ॲप कुठलं वापरता याने फार फरक पडत नाही, जेमिनाय घ्या, चॅटजीपीटी घ्या, जे फोटो घेतं आणि सांगितल्याप्रमाणे बदलून देतं ते चालेल, सूचना मराठीत लिहिल्या तरी समजतात.

उदाहरण एकच घेऊ म्हणजे नीट बोलता येईल. निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार मामा, साठी आलीये, भाच्याला षष्ठ्यब्दीला त्यांची फिगर फ्रेम करून द्यायचीये. डोक्यावर गांधी टोपी, जाड करडी-पांढरी मिशी, चौकोनी चष्मा, डाव्या गालावर तीळ. वाटतं सोपं आहे, एवढ्या खुणा असलेला माणूस कसा हरवेल. पण हरवतो, आणि का हरवतो ते आधी कळलं की पुढचं सगळं सरळ आहे.

खेळण्याची स्टाईल म्हणजे मुळात काय, तर बारीक गोष्टी पुसून टाकणं. कातडी गुळगुळीत, सुरकुत्या गायब, नाक छोटं, डोळे मोठे, हनुवटी गोल. आणि आपण माणूस ओळखतो तो बरोबर याच गोष्टींवरून, म्हणजे डोळ्यांतलं अंतर, नाकाखाली ओठापर्यंत जागा किती, पापणी जड की उघडी, जबडा रुंद की निमुळता. ॲपमधल्या एआय मॉडेलला तुम्ही नुसतं "याचं खेळणं कर" म्हणालात की ते या सगळ्या मापांना सरासरीकडे ओढतं, कारण त्याने पाहिलेली हजारो खेळणी तशीच दिसतात. म्हणजे आपलं काम एवढंच, काय पुसायचं ते त्याच्यावर सोडायचं आणि काय पुसायचं नाही ते शब्दात बांधून द्यायचं.

पहिली पायरी, फोटो. अर्धं काम इथेच होतं किंवा बिघडतं. सेल्फी घेऊ नका. हातभर अंतरावरून फोनची लेन्स नाक मोठं आणि कान मागे गेलेले दाखवते, आणि मॉडेल त्या वाकड्या मापांनाच खरं धरून अजून वाढवतं. पाच-सहा फूट लांब उभं राहा, फोनवर दोन एक्स झूम करा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला. चेहरा अगदी समोर नको, किंचित वळलेला हवा, इतकाच की लांबच्या बाजूचा डोळा पूर्ण दिसतोय पण नाकाचा आकारही कळतोय. अगदी समोरून घेतला तर नाक किती पुढे आहे ते मॉडेलला समजतच नाही, मग ते स्वतःच्या मनाचं नाक लावतं.

उजेड खिडकीचा किंवा ओट्यावरचा सकाळचा. मामांच्या बाबतीत टोपीची सावली कपाळावर आणि भुवयांवर पडत होती, त्यामुळे भर उन्हातले बागेतले सगळे फोटो बाद, दिसायला छान असूनही. चष्म्याच्या काचेवर खिडकीचं प्रतिबिंब येत असेल तर मान जराशी खाली करायला सांगा, नाहीतर डोळ्यांच्या जागी पांढरे चौकोन जातील आणि डोळे मॉडेल कल्पनेने काढेल. ब्युटी मोड बंद. आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवताय तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा पाठवला की आकसून येतो आणि पापण्यांच्या कडा, तीळ वगैरे बारकावे तिथेच धुऊन निघतात.

हसायचं का नाही हा प्रश्न सगळे विचारतात. माझं मत, माणूस रोज जसा दिसतो तसा. मामा फोटोला कधी दात दाखवून हसत नाहीत, ओठ मिटून एक कोपरा वर जातो फक्त, घरच्यांच्या डोळ्यासमोर तेच तोंड आहे, तर तेच घ्यायचं. भाच्याने लग्नातला खळखळून हसतानाचा फोटो आणला होता, फोटो फार गोड, पण त्यात गाल वर जाऊन डोळे बारीक झालेले आणि मिशी ताणलेली, त्यावरून खेळणं केलं तर ते कोणाचंही होईल.

दुसरी पायरी, खुणांची यादी, आणि ही कागदावर करा खरंच. चार किंवा पाच, जास्त नको. जास्त दिल्या की मॉडेल काही पाळतं काही सोडतं आणि कुठली सोडेल ते आपल्या हातात राहात नाही. यादी करताना स्वतःला विचारायचं की इतर साठीच्या माणसांपेक्षा यांचं काय वेगळं आहे. "प्रेमळ चेहरा", "रुबाबदार" असलं काही लिहायचं नाही, त्याचा आकार नसतो. आकार लिहायचा, जागा लिहायची.

मामांची यादी अशी झाली. एक, मिशी जाड, टोकं खाली वळलेली, वरचा ओठ पूर्ण झाकणारी, मध्ये करडी आणि कडेला पांढरी. दोन, पापण्या जड, बाहेरच्या कोपऱ्यात झुकलेल्या, डोळे लहान. तीन, नाकापासून तोंडापर्यंत जाणाऱ्या दोन खोल घड्या. चार, चेहरा लांबट, जबडा रुंद, कान मोठे आणि टोपीखाली बाहेर आलेले. पाच, तीळ, त्यांच्या स्वतःच्या डाव्या गालावर, म्हणजे फोटोत आपल्या उजव्या हाताला. हे डावं-उजवं दोन्ही प्रकारे लिहायचं, कारण मॉडेलचा इथे हमखास गोंधळ होतो.

टोपी आणि चष्मा यादीत नाहीत हे लक्षात आलं असेल. ती वस्तू आहे, चेहरा नाही. टोपी, चष्मा आणि मिशी एवढ्यावर महाराष्ट्रातले लाखभर मामा तयार होतील.

तिसरी पायरी, खेळण्याचा प्रकार निवडणं. सगळी खेळणी चेहरा सारखा पेलत नाहीत. मोठ्या डोक्याची, डोळ्यांच्या जागी नुसते काळे गोल ठिपके असलेली जी विनाईल खेळणी असतात त्यात चेहऱ्याला जागाच नाही, तिथे ओळख केस, दाढी-मिशी, चष्मा आणि कपड्यांवरच चालते. एखाद्या कुरळ्या केसांच्या, जाड फ्रेमच्या मुलीसाठी तो प्रकार मस्त, पण मामांच्या जड पापण्या तिथे गेल्या म्हणजे मामाच गेले. दुसऱ्या टोकाला ते एक सप्तमांश मापाचे पुतळे, म्हणजे खऱ्या माणसाच्या सातव्या हिश्श्याचे, पाच फूट सहा इंचाचा माणूस साधारण २४ सेंटीमीटर. त्यात माप खऱ्या शरीराचं असतं, चेहरा टिकायला हवा असं वाटतं, पण अडचण वेगळीच येते. माणसाच्या उंचीत त्याचं डोकं साडेसात वेळा बसतं. समजा चित्र १०२४ पिक्सेल उंचीचं आलं आणि वर-खाली थोडी जागा सुटली, तर पूर्ण उभ्या पुतळ्याचं डोकं जेमतेम सव्वाशे पिक्सेलचं होतं. एवढ्याशा जागेत पापणीची कड कुठून येणार. तेच डोकं मोठं करून उंचीत साडेतीन वेळाच बसेल असं केलं तर त्याच चित्रात डोक्याला अडीचशेच्या वर पिक्सेल मिळतात, म्हणजे दुप्पट उंची.

म्हणून नवीन माणसाने "डोकं मोठं, एकूण उंची साडेतीन डोक्यांएवढी, पण चेहऱ्यातली मापं खऱ्या माणसाची" असा मधला प्रकार घ्यावा. खेळणं खेळण्यासारखं दिसतं आणि चेहऱ्यालाही जागा राहते. सप्तमांशच हवा असेल तर कमरेपर्यंतचा करा.

चौथी पायरी, सूचना लिहिणं. क्रम महत्त्वाचा आहे असा माझा अनुभव, आधी काय टिकवायचं, मग काय बदलायचं, शेवटी उजेड आणि मागची बाजू. मामांसाठीची अशी होती:

```
या फोटोतल्या माणसाची संग्रहासाठीची खेळण्यातली फिगर बनव.
चेहरा याच माणसाचा ओळखू आला पाहिजे. वय ६० च ठेव.
टिकव: जाड मिशी, टोकं खाली, वरचा ओठ झाकलेला; जड झुकलेल्या
पापण्या, लहान डोळे; नाकापासून तोंडापर्यंत दोन खोल घड्या;
लांबट चेहरा, रुंद जबडा, मोठे कान; त्यांच्या डाव्या गालावर
(चित्रात उजवीकडे) तीळ. त्वचेचा रंग फोटोतलाच.
बदल: मॅट विनाईल, उंची साडेतीन डोक्यांएवढी, बारीक सुरकुत्या
नकोत, मिशी एकसंध घडवलेली, डोळे सपाट रंगवलेले.
मऊ उजेड, मधल्या करड्या रंगाची पार्श्वभूमी, बॉक्स नको.
```

यातल्या काही गोष्टी का आहेत ते सांगतो. सुरकुत्यांचे दोन भाग केलेत बघा, खोल घड्या ठेवायच्या, बारीक जाळं काढायचं. खऱ्या फिगरमध्येपण शिल्पकार असंच करतो, खोल घडी साच्यात येते, बारीक रेघ येत नाही. नुसतं "सुरकुत्या ठेव" म्हटलं तर चेहरा सुकलेला दिसतो आणि प्लास्टिकपणा जातो, काहीच नाही म्हटलं तर मामा चाळिशीचे होतात.

डोळ्यांचं तसंच. कारखान्यात बनलेल्या फिगरचे डोळे बहुतेक वेळा छापलेले किंवा रंगवलेले असतात, वरच्या पापणीची गडद रेघ, बुबुळ, एक पांढरा ठिपका, संपलं. मॉडेलला सांगितलं नाही तर ते गुळगुळीत प्लास्टिकच्या चेहऱ्यात ओले, चकाकणारे खरे डोळे बसवतं आणि ते बघायला जरा भीतीच वाटते. आपल्याकडे गणपतीचा मूर्तिकार डोळ्यांच्या आखणीला सगळ्यात जास्त जपतो ते काही उगाच नाही, रंगवलेल्या डोळ्यात सगळा भाव त्या वरच्या रेघेच्या वळणात असतो, म्हणून पापणीचा झुकाव यादीत घेतलाच पाहिजे.

रंगाची ओळ विसरू नका. चकचकीत प्लास्टिक आणि पांढरा स्टुडिओ उजेड एकत्र आले की आपली सावळी, गव्हाळ माणसं दोन छटा गोरी होऊन येतात, आणि घरच्यांना ते चटकन खटकतं, नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही एवढंच. मॅट म्हणायचं आणि मागे करडा रंग ठेवायचा तो यासाठी.

पाचवी पायरी, पहिलं चित्र आलं की. खूश होऊन लगेच ग्रुपवर टाकू नका. मामांचं पहिलं आलं ते असं होतं, टोपी फुगून स्वयंपाक्याची झालेली, मिशीची टोकं वर पिळलेली, कान टोपीच्या आत, तीळ नाही. जबडा, घड्या आणि पापण्या मात्र चांगल्या उतरल्या होत्या. मामींनी बघितलं आणि म्हणाल्या, "हे तर हॉटेलातले महाराज दिसतायत, आमचे हे कुठायत?"

आता दुरुस्ती एका वेळी एकच सांगायची. सगळ्या एकदम दिल्या तर जे बरोबर आलं होतं तेही हलतं. मिशी आधी, कारण ती चेहऱ्याच्या मध्यभागी आहे आणि ती बदलली की तोंडाभोवतीचं सगळं बदलतं. "मिशीची टोकं खाली, ओठाच्या कोपऱ्याच्या खालपर्यंत, पीळ नाही, बाकी काही बदलू नकोस." मग टोपी. इथे शब्द कमी पडतात, मॉडेलला गांधी टोपी नावाने नेहमी नीट येईलच असं नाही, म्हणून टोपीचा वेगळा फोटो जोडायचा, बाजूने घेतलेला, आणि सोबत लिहायचं की बसकी, पुढे-मागे टोकदार, वर फुगवटा नाही, कान बाहेर. मग तीळ. चष्म्याची फ्रेम थोडी जाड आली होती, ती तशीच राहू दिली, खेळण्यात फ्रेम जाडच असते, फक्त भुवया फ्रेमच्या वर दिसतायत ना एवढं बघायचं.

पण यात एक फसवणूक आहे. प्रत्येक दुरुस्तीत मॉडेल बहुतेक वेळा पूर्ण चित्र नव्याने काढतं, आणि दरवेळी चेहरा केसभर सरकतो. एका फेरीला कळत नाही. पाचव्या-सहाव्या फेरीला टोपी एकदम बरोबर आणि खालचा माणूस मामांचा चुलत भाऊ. म्हणून दोन गोष्टी पाळा. प्रत्येक दुरुस्तीला मूळ फोटो पुन्हा जोडा आणि लिहा की चेहरा याच्याशी जुळव. आणि तीन-चार फेऱ्यांत जमलं नाही तर ती साखळी सोडून द्या, जे शिकलात ते पहिल्या सूचनेत घाला, नव्या चॅटमध्ये मूळ फोटोपासून सुरुवात करा. मामांचं शेवटी असंच झालं, टोपीचा फोटो आणि मिशीचं नीट वर्णन सुरुवातीलाच दिल्यावर.

सहावी पायरी, तपासणी. तुम्ही तासभर ते चित्र बघताय, तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. सगळ्यात खात्रीची कसोटी, मामांना ओळखणाऱ्या पण हा उद्योग माहीत नसलेल्या कोणाला तरी चित्र दाखवायचं आणि विचारायचं "हे कोण?" बस. "मामांसारखं दिसतंय का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात, नाशिकची माणसं तर तोंडावर नाही कशाला म्हणतील. आणि दाखवताना फक्त चेहरा कापून दाखवा, टोपी आणि हातातली द्राक्षं वगळून. वस्तूंवरून ओळखलं तर तो चेहरा टिकला असं होत नाही.

दुसरी कसोटी मापाची. कुठल्याही फोटो एडिटरमध्ये मूळ फोटो खाली आणि फिगरचा चेहरा वर ठेवा, वरच्याची पारदर्शकता अर्ध्यावर आणा आणि दोघांचे डोळे एकावर एक येतील असं लहान-मोठं करा. मग बघा नाकाचा खालचा शेवट कुठे येतो, तोंडाची रेघ कुठे येते, हनुवटी कुठे. फिगरचे डोळे थोडे मोठे असणार, हनुवटी थोडी वर असणार, चालतं. पण मामांचा चेहरा लांबट आहे, नाक आणि ओठात जागा जास्त आहे, तर फिगरमध्येही ती जागा जास्तच दिसली पाहिजे. ती कमी झाली असेल तर तेच वाक्य लिहून द्या, "नाक आणि वरच्या ओठातलं अंतर वाढव". "अजून मामांसारखं कर" म्हणून काही होत नाही, मॉडेलला मामा माहीत नाहीत.

तीळ आणि केसांचा भांग उलट्या बाजूला गेलाय का तेही इथेच बघून घ्या. सेल्फी कॅमेऱ्याचा फोटो असेल तर तो मुळातच आरशासारखा उलटलेला असू शकतो, म्हणजे मॉडेलने बरोबर केलं तरी घरचे चूक म्हणतील.

हे सगळं जमलं की मगच हातात काही द्या, स्टँड, बॉक्स वगैरे. मामांच्या एका हातात द्राक्षाचा घड आणि दुसऱ्या हातात छाटणीची कात्री दिली. घड एकच मागा, क्रेटभर मागितली तर मणी एकमेकांत वितळून हिरवा गोळा होतो. हातांची बोटं मोजा, कात्री धरलेल्या हातात गडबड जास्त होते. बॉक्सवर मराठी नाव हवं असेल तर मॉडेलकडून लिहून घेऊ नका, जोडाक्षरं आणि मात्रा बिघडण्याचा धोका असतो, "षष्ठ्यब्दी" तर विसराच. बॉक्स कोरा मागा आणि नाव फोनमधल्या एडिटरने चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये टाका. बॉक्सवर खऱ्या खेळणी कंपनीचा लोगोही नको, घरात ठीक आहे, पण कोणी असे बॉक्स छापून विकायला लागलं की भानगड होते. आणि ज्याची फिगर करताय त्याला विचारा, मामांना सरप्राईज द्यायचं होतं म्हणून मामींना विचारलं.

छपाईसाठी एक हिशोब, चार बाय सहा इंचाला तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. १०२४ पिक्सेलचं चित्र तेवढ्या दर्जात साडेतीन इंचाच्या आतच बसतं, मोठी फ्रेम हवी असेल तर ॲपमधूनच मोठ्या आकाराचं मागा किंवा नंतर अपस्केल करा, म्हणजे दुसऱ्या ॲपने चित्राचे पिक्सेल वाढवून घ्या, पण अपस्केल केल्यावर चेहरा पुन्हा एकदा मूळ फोटोशी ताडून बघा, काही अपस्केलर पापण्या आपल्या मनाने नव्या काढतात. आणि कोणी ही फाईल घेऊन थ्रीडी प्रिंट करून द्या म्हणून येतं, तर ते यातून होत नाही, हे फक्त एका बाजूने दिसणारं चित्र आहे, मागची बाजू त्यात नाहीच, त्यासाठी वेगळं थ्रीडी मॉडेल घडवावं लागतं.